शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीला घेऊन हॉटेलात जेवायला जाताना

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. पूर्वी एकदा चटणीच्या एका घासाने तिचे ओठ सुजले होते आणि अंगभर गांधी उठल्या होत्या. पुढच्या महिन्यात यजमानांच्या कॉलेजमधल्या मित्रांच्या घरच्यांसह आम्ही बाराजण सांगलीत जेवायला जाणार आहोत. वेटरला विचारले की तो लगेच ‘शेंगदाणे नाहीत’ म्हणतो. त्यावर विश्वास ठेवावा का? शिवाय ज्याने-त्याने आपापले पैसे द्यायचे ठरले आहे, आणि आमच्यातल्या एक ताई एकट्याच येणार आहेत. हे हॉटेलवाल्यांना कसे सांगावे? टीप किती ठेवावी? — एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : वेटरच्या त्या ‘नाही’वर विसंबू नये. तो खोटे बोलतो असे नाही; आपण जे विचारले त्याचेच उत्तर तो देतो. ‘यात शेंगदाणे आहेत का’ असे विचारले की त्याच्या डोळ्यांपुढे पोह्यांतले किंवा भडंगातले अख्खे दाणे येतात, आणि तसे दाणे भाजीत दिसत नसल्यामुळे तो मनापासून ‘नाही’ म्हणतो. वाटणात गेलेले कूट, फोडणीचे शेंगतेल, ताटाच्या कडेला वाढलेली कोरडी चटणी यांचा विचार त्याच्या मनात येत नाही. पुष्कळदा त्याला ते माहीतही नसते, कारण तो वाढणारा आहे, रांधणारा नाही. म्हणून प्रश्नही बदलला पाहिजे आणि ज्याला विचारायचे तो माणूसही बदलला पाहिजे.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम कसे चालते हे एकदा लक्षात आले की काय विचारायचे ते आपोआप सुचते. मी या व्यवसायात बराच काळ काढला आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. आपण रात्री आठ वाजता पनीरची भाजी मागवतो तेव्हा तिची बहुतेक तयारी सकाळीच झालेली असते. कांदा-टोमॅटोची तांबडी ग्रेव्ही, काजू आणि मगज यांची पांढरी ग्रेव्ही, कांदा, सुके खोबरे आणि तीळ भाजून केलेले काळपट वाटण, अशी दोन-चार पातेली दुपारच्या आत करून ठेवतात. ऑर्डर आली की आचारी कढईत तेल घेतो, पातेल्यातले एक-दोन डाव त्यात ओततो, पनीर किंवा भाज्या टाकतो, वरून मलई किंवा कोथिंबीर घालतो आणि थोड्याच वेळात भाजी बाहेर येते. म्हणजे प्रत्येक पदार्थात दोन प्रकारच्या वस्तू असतात : सकाळीच मिसळून गेलेल्या आणि आयत्या वेळी पडणाऱ्या. आयत्या वेळी पडणारी वस्तू ‘घालू नका’ म्हटले तर खरोखर टाळता येते. सकाळी पातेल्यात मिसळलेली वस्तू मात्र कोणालाही काढता येत नाही, आणि ‘आमच्यासाठी शेंगदाणे न घालता करा’ ही विनंती तिथे निरुपयोगी ठरते, मग वेटर कितीही आपुलकीने ‘करतो ताई’ म्हणो.

आपल्या भागात ही अडचण अधिक आहे. भरली वांगी, पालकाची पातळ भाजी, काकडीची कोशिंबीर, खर्डा यांत दाण्याचे कूट बहुधा असतेच, आणि ते घालताना आपण काही वेगळे घालतो आहोत असे आचाऱ्याला वाटतही नाही. अख्खा मसूर प्रत्येक ढाब्यावर वेगळा होतो. कुणी रस्सा दाट व्हावा म्हणून त्यात कूट घालतो, तर कुणी नुसत्या कांदा-खोबऱ्यावर भागवतो. तांबड्या रश्श्याच्या वाटणाचेही तसेच आहे, विचारल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. काजूचा भाव परवडत नाही म्हणून पंजाबी भाज्यांच्या ग्रेव्हीत भाजलेले दाणे वाटून घालणारी हॉटेले आहेत, आणि हे मेनूकार्डावर लिहिलेले नसते. उडुपी पद्धतीच्या हॉटेलातली पांढरी चटणी नुसत्या खोबऱ्याची असेल असे गृहीत धरू नये; तिच्यात डाळव्याबरोबर किंवा डाळव्याऐवजी शेंगदाणे असू शकतात. संकष्टीला किंवा एकादशीला बाहेर जेवायला जाण्याचे आपण टाळलेलेच बरे, कारण त्या दिवशी हॉटेलात साबुदाण्याची खिचडी आणि वडे यांची घाई असते, कुटाचे डबे उघडे असतात आणि तोच हात चार ठिकाणी लागतो. सांगलीत गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे संकष्टीची ही गर्दी आणखी वाढते. आपला दिवस ठरवताना एकदा दिनदर्शिका पाहून घ्यावी.

तेलाबद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. ॲलर्जी ही शेंगदाण्यातल्या प्रथिनांची असते, तेलाची नव्हे. कारखान्यात पूर्णपणे शुद्ध केलेल्या, म्हणजे रिफाइंड शेंगतेलात ही प्रथिने जवळजवळ उरत नाहीत, परंतु लाकडी घाण्यावर काढलेल्या तेलात ती राहतात, आणि हल्ली ‘आमच्याकडे घाण्याचे तेल वापरतो’ हे अभिमानाने पाटीवर लिहिणारी हॉटेले वाढली आहेत. इतरांसाठी ती चांगली गोष्ट असेल, आपल्या मुलीसाठी नाही. मोठ्या हॉटेलांत बहुधा सोयाबीनचे, सूर्यफुलाचे किंवा पामचे तेल असते. तरीही कोणते तेल आणि ते रिफाइंड की घाण्याचे, हे विचारावेच. मुलीला रिफाइंड शेंगतेल चालेल की नाही याचा निर्णय मात्र तिच्या डॉक्टरांचा. काजू-बदामांचेही तसेच. शेंगदाणा हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कडधान्य आहे, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना काजूसारख्या सुक्यामेव्याचीही ॲलर्जी असते. तपासणी झाली नसेल तर जेवणाच्या बेताआधी ती करून घ्यावी, म्हणजे पांढरी ग्रेव्ही चालते की तीही वर्ज्य, हे आपल्याला नक्की सांगता येईल.

आता विचारायचे कधी आणि कोणाला, ते सांगतो. बारा माणसे टेबलाभोवती बसल्यावर, रविवारी रात्री साडेआठला, हा विषय काढू नये. त्या वेळी कॅप्टनच्या हातात पाच टेबलांच्या ऑर्डरी असतात आणि आचाऱ्याला मान वर करायला सवड नसते. दोन-तीन दिवस आधी, दुपारची जेवणे उरकल्यावर आणि रात्रीची गडबड सुरू होण्याआधी, म्हणजे साधारण चार ते साडेपाचच्या दरम्यान फोन करावा. जवळच असेल तर स्वतः जाऊन यावे, ते अधिक चांगले. मॅनेजरला किंवा कॅप्टनला स्पष्ट सांगावे : ‘माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. चुकून पोटात गेले तर तिला दवाखान्यात न्यावे लागते. रविवारी आम्ही बाराजण येणार आहोत. तिला काय देता येईल ते मुख्य आचाऱ्यांशी बोलून ठरवू या.’ ‘चालत नाही’ किंवा ‘पथ्य आहे’ असे मोघम बोलू नये. पथ्य म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, थोडे गेले तर काय होते. दवाखान्याचा उल्लेख केला की तोच माणूस लक्ष देऊन ऐकू लागतो.

त्यानंतर प्रश्न असे विचारावेत की ज्यांचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देताच येणार नाही. ‘तांबड्या ग्रेव्हीत काय काय वाटता?’ ‘भाजी दाट करायला काय घालता?’ ‘तळणीच्या कढईत दिवसभरात कोणकोणते पदार्थ तळता?’ ‘कूट आणि काजू एकाच मिक्सरच्या भांड्यात वाटता का?’ शेवटचा प्रश्न सोडून बाकीच्यांना समोरच्याला वस्तूंची नावे घ्यावी लागतात, आणि नावे घेता घेता त्याचे त्यालाच आठवते. कॅप्टन ‘थांबा, वस्तादांना विचारतो’ म्हणून आत गेला आणि परत येऊन ‘तांबडीत कांदा, टोमॅटो, आले-लसूण, मगज, कोल्हापुरी भाजीच्या वाटणात मात्र कूट आहे’ असे म्हणाला, तर ते हॉटेल आपल्या कामाचे आहे. जागेवरून न हलता ‘काही काळजी करू नका, आपलेच हॉटेल समजा’ म्हणणाऱ्याकडे मुलीला नेऊ नये. आणि ‘ताई, आमच्याकडे सगळ्यांतच कूट असते, खात्री देता येणार नाही’ असे कोणी सांगितले तर त्याचे मनापासून आभार मानून दुसरे हॉटेल पाहावे. त्याने आपल्यावर उपकारच केलेले असतात.

देशभर दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना पदार्थातील ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक केलेले आहे, आणि त्या यादीत शेंगदाणा येतो. आपल्याकडच्या एकट्या-दुकट्या हॉटेलांना ते बंधन नाही. त्यामुळे कार्डावर काही लिहिलेले नाही याचा अर्थ पदार्थात काही नाही, असा कधीही घेऊ नये.

समजा, वर सांगितल्याप्रमाणे उत्तर मिळाले : तांबड्या ग्रेव्हीत दाणे नाहीत, तेल सोयाबीनचे रिफाइंड, कोल्हापुरी वाटणात कूट आहे, आणि तळणीच्या कढईत साबुदाणा वडेही तळतात. यावरून मुलीचे ताट फोनवरच ठरवता येते. तळलेले सगळे बाद, म्हणजे भजी, मंच्युरिअन, तळलेला पापड, फ्रेंच फ्राइज हेही बाद. बटाट्यात दाणे नसले तरी ज्या तेलात वडे तळले त्यात त्यांचा अंश उतरलेला असतो. कोल्हापुरी भाजी आणि रस्सा बाद. उरले ते पुष्कळ आहे : तंदुरी रोटी, साध्या फोडणीचे वरण, जिरा राईस, तांबड्या ग्रेव्हीतले पनीर, साधे दही, मसाला न घातलेला भाजका पापड. पनीरसाठी आचाऱ्याला दोनच गोष्टी सांगायच्या : कढई, झारा आणि डाव धुऊन घ्या, आणि ग्रेव्हीच्या पातेल्यात दुसऱ्या भाजीचा डाव बुडवलेला नसेल याची खात्री करा. गोडात बंद पाकिटातले साधे व्हॅनिला आइस्क्रीम मागवावे आणि वेष्टनावरची घटकांची ओळ स्वतः वाचावी. वरून सुकामेवा पसरलेले, काचेच्या उंच ग्लासातले प्रकार नकोत, कारण तो चुरा अनेकदा काजूच्या नावाने येतो आणि त्यात दाणे मिसळलेले असतात.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत हल्ली परप्रांतातील कामगारही पुष्कळ असतात, म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत चार ओळी लिहून न्याव्यात आणि तो कागद कॅप्टनकरवी आत पाठवावा : ‘या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शेंगदाणे, कूट, चटणी, शेंगतेल काहीही चालत नाही. भांडी आणि डाव धुऊन वापरा.’ तोंडी निरोप वेटरकडून कॅप्टनकडे आणि कॅप्टनकडून आचाऱ्याकडे जाईपर्यंत ‘तिखट कमी करा’ एवढाच उरल्याचे मी पाहिले आहे. कागद कढईशेजारच्या भिंतीला चिकटवला जातो आणि तिथेच राहतो.

त्या दिवशी आपण इतरांच्या आधी दहा मिनिटे पोहोचावे. मुलीची ऑर्डर सर्वांत आधी आणि स्वतंत्र द्यावी. तिची केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, वेगळी काढायला सांगावी आणि तिच्यावर ‘शेंगदाणा ॲलर्जी’ असे लिहायला लावावे. ताट आले की आणणाऱ्याला विचारावे, ‘हे ॲलर्जीचेच ना?’ मग भाजी चमच्याने बाजूला सारून, वाटीची कड आणि रोटीची खालची बाजू पाहावी. कधी ताट व्यवस्थित येते, पण वाढणारा सवयीने कडेला चिमूटभर चटणी ठेवतो. असे झाले तर चटणी काढून टाकून जेवू देऊ नये. पूर्ण ताट बदलून मागावे, आणि नवे येईपर्यंत जुने ताट टेबलावरच ठेवून घ्यावे. ते आत परत गेले तर घाईत चटणी पुसून तेच पुन्हा बाहेर येण्याची शक्यता असते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण आपल्याला धोका पत्करता येत नाही.

बाकीच्या मंडळींनी त्यांना हवे ते खावे. समोर कोणी मसाला पापड खाल्ला म्हणून त्याच्या नुसत्या वासाने मुलीला गंभीर त्रास होण्याची शक्यता फारच कमी असते. धोका आहे तो एकमेकांच्या ताटातून घास देण्याघेण्याचा आणि मधल्या भांड्यातल्या सामायिक चमच्याचा. तिला टेबलाच्या टोकाला, आपल्याशेजारी बसवावे. इतर मुलांना आधीच सांगावे, आणि जेवणानंतर खेळण्याआधी सगळ्यांना हात साबण-पाण्याने धुवायला लावावेत. हाताला चोळण्याच्या सॅनिटायझरने शेंगदाण्याचे अंश जात नाहीत.

इतके करूनही काही झालेच तर काय करायचे, याचा डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि औषधे पिशवीत असलीच पाहिजेत. ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे, एकाएकी उलट्या सुरू होणे, मूल निपचित पडणे ही तीव्र प्रतिक्रियेची लक्षणे आहेत. तिच्यावर पहिला उपाय मांडीत द्यायचे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच आहे. खाजेवर देतात त्या गोळीने किंवा सिरपने गांधी कमी होतात, पण श्वासाचा त्रास थांबत नाही, म्हणून ते देऊन वाट पाहत बसू नये. ते इंजेक्शन घरी ठेवावे का आणि कसे द्यावे, हे जेवणाच्या बेताआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. वेळ आली तर १०८ ला फोन करावा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. बरे वाटू लागले तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर तिथेच थांबावे.

आता पैशांचे. बारा माणसांची चार वेगवेगळी बिले हवी असतील तर ते बसण्याआधी, पहिली केओटी निघण्याआधी कॅप्टनला सांगावे. संगणकावर एकच टेबल चार भागांत लावून प्रत्येक घराची ऑर्डर वेगळी नोंदवता येते; परंतु एकदा बिल छापून झाले की ते रद्द करून चार बिले काढायला मॅनेजरला पुन्हा सगळे बसवावे लागते, आणि तोवर आपण आणि आपल्यामागे थांबलेली माणसे ताटकळत राहतात. मात्र माझे मत विचाराल तर आपल्या पद्धतीच्या जेवणाला चार बिले जमत नाहीत, कारण भाज्या मधे येतात आणि सगळे घेतात. एकच बिल घ्यावे, एकाने ते भरावे आणि इतरांनी त्याला तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवावेत. फक्त वाटणी बरोबर झाली पाहिजे.

उदाहरणादाखल धरा की तीन घरांत चार, चार आणि तीन माणसे आहेत, आणि ताई एकट्या. ज्याच्या-त्याच्या पदार्थांचे अनुक्रमे १,२४०, १,५६०, ८६० आणि ४२० रुपये झाले, आणि सगळ्यांनी मिळून खाल्लेल्या स्टार्टर व पापडांचे ७२०. एकूण ४,८०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे २४०, म्हणजे बिल ५,०४० रुपयांचे. सामायिक ७२० रुपये घरांवर न वाटता माणसांवर वाटावेत, म्हणजे माणशी ६० रुपये पडतात. मग पहिल्या घराचे १,२४० अधिक २४०, मिळून १,४८०, आणि करासह १,५५४. त्याच रीतीने दुसऱ्या घराचे १,८९०, तिसऱ्याचे १,०९२ आणि ताईंचे ५०४ रुपये. चौघांची बेरीज बरोबर ५,०४० येते. ‘चार घरे आहेत, सरळ चार भाग करू’ असे कोणी म्हटले असते तर ताईंना ५०४ ऐवजी १,२६० रुपये द्यावे लागले असते, आणि त्यांनी ते न बोलता दिलेही असते. म्हणून हिशेबाची ही रीत जेवणाआधीच, शक्यतो आदल्या दिवशी, आपल्या यजमानांनी मित्रांना सांगून ठेवावी. टेबलावर ताईंसमोर त्याची चर्चा होऊ नये.

बिल हातात आले की करापलीकडे ‘सेवाशुल्क’ अशी ओळ आहे का, ते पाहावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नये असे सांगितले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती तत्त्वे योग्य ठरवली. ओळ दिसली तर शांतपणे काढून टाकायला सांगावे. ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. सांगलीतल्या बहुतेक कौटुंबिक हॉटेलांत हा प्रश्न येत नाही. काही लहान हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. त्यांना ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही आणि तसे त्यांच्या बिलावर लिहिलेले असते. तिथे वरच्या हिशेबातून कर वजा करावा.

टीप ही आपल्या खुशीची. खानावळीत किंवा राइस प्लेटच्या ठिकाणी ती कोणी अपेक्षित धरत नाही. चहा-इडलीच्या हॉटेलात सुटे उरलेले दहा-वीस रुपये बशीत ठेवतात. काउंटरवरून आपणच आणायचे असेल तिथे प्रश्नच नाही. कौटुंबिक हॉटेलात बडीशेप आणि खडीसाखरेबरोबर बिल येते, तिथे साधारण पाच टक्के ते दहा टक्के ठेवण्याची रीत आहे, आणि बिल मोठे असेल तर पाचाच्या जवळपास राहिले तरी कोणी वाईट वाटून घेत नाही. वरच्या बिलावर माणशी २५ प्रमाणे ३०० रुपये व्हावेत; चार आणि चार जणांच्या घरांनी शंभर-शंभर, तिघांनी ७५ आणि ताईंनी २५ द्यावेत. हे पैसे रोखच ठेवावेत. यूपीआयने बिलात वाढवून दिलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते आणि वाढणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, म्हणून घरून निघतानाच शंभराच्या आणि वीसच्या सुट्या नोटा घ्याव्यात.

मुलीचे ताट वेगळे करणाऱ्या आचाऱ्याला यातले सहसा काही मिळत नाही, कारण टीप बाहेर वाढणाऱ्यांमध्ये वाटली जाते. काही हॉटेलांत ती एका पेटीत जमवून स्वयंपाकघरासह सगळ्यांत वाटतात, म्हणून कॅप्टनला आधी विचारावे, ‘टीप आत पण जाते का?’ जात नसेल तर ‘वस्तादांना जरा बाहेर बोलवा’ म्हणावे, त्यांच्या हातात शंभर रुपये वेगळे द्यावेत आणि मुलीने काय काय खाल्ले ते त्यांना तिच्यासमोर सांगावे. पुढच्या वेळी आपला फोन गेला की ते मुलीला ओळखतील. आणि सांगूनही ताटात चटणी आली असेल, तर टीप देण्याघेण्याचा विचार बाजूला ठेवून मॅनेजरला टेबलाशी बोलवावे, ते ताट दाखवावे आणि कागद कुठे अडकला ते त्याला तिथेच शोधायला लावावे.